धागा: ९५% चा पट्टा बरोबर ९५ दिवस भरतो, तरी प्लेटलेट कमी पडतात. चुका एकाच बाजूला कललेल्या असतील तर बूटस्ट्रॅप कसा लावायचा?

रामबाग (इंदूर)

नमस्कार. इंदूरमधल्या एका रक्तपेढीत मी प्लेटलेटचं नियोजन बघते. उद्या किती रक्तपिशव्यांतून प्लेटलेट वेगळ्या काढायच्या ते रोज संध्याकाळी ठरवावं लागतं. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत त्यांची मुदत संपते. तपासण्यांत जाणारा वेळ वगळला तर वापरायला साधारण तीन दिवस मिळतात. जास्त काढल्या तर फेकाव्या लागतात, कमी काढल्या तर रुग्णाचे नातेवाईक रात्री शहरभर धावतात.

दोन वर्षांच्या रोजच्या मागणीवर (जुलै ते जून) ETS, म्हणजे अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणारं अंदाजाचं मॉडेल, बसवलं आहे, आठवड्याच्या सीझनसकट. मग १ जुलै ते ८ ऑक्टोबर असे १०० दिवस रोज एक दिवस पुढचा अंदाज काढून पडताळला. रेसिड्युअलचं, म्हणजे प्रत्यक्ष मागणी वजा अंदाज या फरकाचं, स्टँडर्ड डेव्हिएशन १२ पिशव्या आलं. अंदाज ३० असेल त्या दिवशी ९५% चा पट्टा ६.५ ते ५३.५ येतो, आणि १०० पैकी ९५ दिवस मागणी पट्ट्याच्या आत पडली.

आकडा इतका नेमका जुळल्यावर आमच्याकडे सगळे म्हणतात, मॉडेल उत्तम. मला ते पटत नाही. वरच्या मर्यादेइतका साठा ठेवूनही आम्ही पाच दिवस तोंडघशी पडलो असतो. आणि खालची मर्यादा ६.५ म्हणजे काय? अंदाज ३० असताना मागणी इतकी खाली गेलेली माझ्या आठवणीत नाही. बूटस्ट्रॅपने हे सुधारतं असं वाचलंय. कसं करायचं, आणि कितपत भरवसा ठेवायचा?

पागनीसपागा (इंदूर)

ताई, मागणीचा लॉग घ्या आणि त्यावर मॉडेल बसवा. परत उलटवलंत की पट्टा आपोआप वर लांब आणि खाली आखूड होतो, शून्याखाली तर जातच नाही. बूटस्ट्रॅपची गरजच पडणार नाही. विक्रीच्या सगळ्या डेटावर आम्ही हेच करतो.

दांडियाबाजार (वडोदरा)

लॉगकडे नंतर येऊ. रामबाग ताई, आधी एक सांगा. पट्ट्याबाहेर पडलेल्या पाच दिवसांपैकी वर किती आणि खाली किती? ८०% च्या पट्ट्याचंही तसंच मोजून टाका. रेसिड्युअल लहानापासून मोठ्यापर्यंत लावून २.५%, १०%, ५०%, ९०% आणि ९७.५% वर काय येतं तेही लिहा.

रामबाग

९५% चा पट्टा: वर ५, खाली ०.
८०% चा पट्टा: वर १०, खाली ०. आत ९०.

रेसिड्युअल त्याच क्रमाने: −१२, −१०, −४, +१५, +३३.

दांडियाबाजार

झालं, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ९५% चा पट्टा म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच टक्के. तुमच्याकडे पाचही टक्के वरच्या बाजूला गेले. एकूण कव्हरेज बरोबर आलं कारण वरची तूट खालच्या शिलकीने भरून काढली. फक्त "किती आत" एवढंच मोजलं तर हा दोष कधीच दिसत नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, पण सॉफ्टवेअर एकच टक्का छापतं आणि सगळे तिथेच थांबतात.

पाच हा आकडा लहान आहे, योगायोगही असू शकतो असं कोणी म्हणेल. नाण्याचा पाचही वेळा छापाच पडायची शक्यता ३२ मध्ये १. पण ८०% च्या पट्ट्यात दहाच्या दहा वर आहेत, ती शक्यता १०२४ मध्ये १. योगायोग म्हणून सोडून द्यावं असं ते नाही.

आता गंमत बघा. एक्स्पोनेन्शियल वितरण घ्या, सरासरी शून्यावर सरकवलेलं. त्याच्यावर नॉर्मलचा १.९६ वाला पट्टा लावला तर वर ५.२% पडतात, खाली काहीच नाही, आणि कव्हरेज येतं ९४.८%. म्हणजे वितरण नॉर्मलपासून इतकं लांब असूनही एकूण आकडा जवळजवळ अचूक. तुमचे रेसिड्युअल याच घराण्यातले दिसतात.

८०% ला आणखी फसगत आहे. त्याच वितरणात नॉर्मलची वरची मर्यादा, १.२८ वाली, जवळपास खरी निघते. तुमच्याकडे ती +१५.४ येते, आणि प्रत्यक्ष ९०% वरचा रेसिड्युअल +१५. वरची बाजू ठीक दिसते म्हणून लोक निर्धास्त होतात. ९५% ला तीच मर्यादा +२३.५ म्हणते आणि प्रत्यक्ष आहे +३३. दहा पिशव्यांचा फरक.

तुकोगंज_डॉक्टर (इंदूर)

मला मूळ अडचणच वेगळी वाटते. ५०% वर −४ म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस मागणी अंदाजापेक्षा कमी असते. मॉडेल जास्तीचा अंदाज देतंय. आधी अंदाजातून ४ वजा करा, पट्ट्याचं नंतर बघू. आमच्याकडे मुदत संपून फेकलेल्या पिशव्या पाहून वाईट वाटतं.

दांडियाबाजार

डॉक्टरसाहेब, फेकलेल्या पिशव्यांची तुमची कळकळ रास्त आहे, पण हा उपाय करू नका. मॉडेल सरासरी देतं, आणि लांब शेपूट असली की सरासरी मधल्या किमतीच्या वर बसते. वर सांगितलेल्या एक्स्पोनेन्शियलमध्ये १०० पैकी ६३ दिवस सरासरीच्या खालीच असतात आणि तरीही अंदाजात पक्षपात काहीच नसतो. उरलेले ३७ दिवस लांब उडी मारून हिशेब पुरा करतात. रोज ४ वजा केलेत तर एकेका दिवसाला बरं दिसेल, पण तीन दिवसांच्या बेरजेत तुम्ही सरळ १२ पिशव्यांनी कमी पडाल.

म्हणून बूटस्ट्रॅप करताना रेसिड्युअलची सरासरी शून्य आहे ना ते आधी बघायचं. नसेल तर सरासरी वजा करायची. मधली किंमत वजा करायची नाही.

तुकोगंज_डॉक्टर

हे पटलं. आणि शेपूट कुठून येते ते मी सांगू शकतो. प्रौढ रुग्णाला एका वेळी चार ते सहा पिशव्या लागतात, एक-दोन नव्हे. रोजची मागणी अशा झुपक्यांची बेरीज असते. ल्युकेमियाचा एखादा नवा रुग्ण, बायपासनंतर रक्तस्राव थांबत नसलेला एखादा, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू. दोन-तीन झुपके एका दिवशी आले की वीस पिशव्यांची उडी पडते. उलट बाजूला असं काही नाही. नेहमीचे रुग्ण एकदम नाहीसे होत नाहीत.

रामबाग

डॉक्टर, अगदी हेच रोज डोळ्यांसमोर असतं. सर, आता पायऱ्या सांगा. मी R मध्ये fable वापरते.

दांडियाबाजार

एका दिवसासाठी तर हाताने करता येतं. अंदाज ३०. त्यात नॉर्मलऐवजी तुमचेच रेसिड्युअल मिळवा: २.५% वरचा −१२ आणि ९७.५% वरचा +३३. पट्टा आला १८ ते ६३. नॉर्मलचा होता ६.५ ते ५३.५. ८०% चा येतो २० ते ४५, नॉर्मलचा होता साधारण १४.६ ते ४५.४. वरचं टोक जागच्या जागी, खालचं पाच पिशव्यांनी वर.

खालच्या टोकाला कमी लेखू नका. १८ हा आकडा सांगतो की इतक्या पिशव्या बहुतेक हमखास खपणार, त्या काढताना हात आखडायला नको. नॉर्मलने तो धीर तुम्हाला कधीच दिला नसता.

एकाहून जास्त दिवस पुढे जायचं तर हाताचं काम संपतं. पहिल्या दिवसासाठी जुन्या रेसिड्युअलमधून एक उचला, अंदाजात मिळवा, त्या "घडलेल्या" मागणीने मॉडेलची पातळी पुढे सरकवा, मग दुसऱ्या दिवसासाठी दुसरा उचला. उचललेला परत टोपलीत टाकायचा, तो पुन्हा येऊ शकतो. तीन दिवस झाले की एक वाट तयार. अशा हजारो वाटा काढा. कल्पना एफ्रनच्या १९७९ च्या बूटस्ट्रॅपचीच आहे, फक्त इथे निरीक्षणं न उचलता चुका उचलतो.

```r
fit <- d |>
  model(ETS(magni ~ error("A") + trend("N") + season("A")))

fit |>
  forecast(h = 3, bootstrap = TRUE, times = 5000) |>
  hilo(level = 95)
```

`times` कमी ठेवू नका. शेपटीच्या २.५% साठी १०० वाटा काढल्या तर तिथे दोन-तीनच वाटा पडतात, आणि दर वेळी चालवल्यावर मर्यादा हलते. ५००० ला ती बऱ्यापैकी स्थिरावते.

सोयाबीनवाला_छावणी (इंदूर)

मी छावणीच्या मंडीत सोयाबीनचा व्यवहार करतो. भावावर हेच केलं, नेव्ह मॉडेल, उद्याचा भाव म्हणजे आजचाच. ३० दिवस पुढचा बूटस्ट्रॅप पट्टा आणि नॉर्मल पट्टा जवळपास एकावर एक बसले. रोजच्या चुका मात्र चांगल्याच तिरक्या होत्या. म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?

दांडियाबाजार

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि असंच व्हायला हवं होतं. नेव्ह मॉडेलमध्ये तिसावा दिवस म्हणजे तीस चुकांची बेरीज. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर बेरजेचा तिरकेपणा दिवसांच्या वर्गमुळाने घटतो. एका दिवसाचा तिरकेपणा २ असेल तर तीस दिवसांच्या बेरजेचा सुमारे ०.३७ उरतो. तेवढ्याला नॉर्मल पुरतं. बूटस्ट्रॅप तुमच्या उपयोगाचा आहे तो एक-दोन दिवसांच्या सौद्यात.

ताईंचं तसं नाही. त्यांच्या मॉडेलमध्ये परवाच्या अंदाजात मुख्यतः परवाचीच चूक असते, आदल्या दिवसाची थोडीशी पुढे झिरपते. किती झिरपते ते आल्फा सांगतो. ताई, तुमचा आल्फा किती आला?

रामबाग

०.१ च्या आसपास.

दांडियाबाजार

मग आदल्या चुकेचा दहावाच हिस्सा पुढे जातो. दहाव्या दिवशीही एकेका दिवसाचा पट्टा तिरकाच राहील.

पण तुम्हाला साठा तीन दिवसांचा लागतो, तर बेरजेचा पट्टा काढा. इथे एक चूक सर्रास होते: तिन्ही दिवसांच्या वरच्या मर्यादांची बेरीज. ६३ गुणिले ३, म्हणजे जवळजवळ १९०. सलग तीन दिवस शेपटीचाच दिवस उगवेल असं ते गृहीत धरतं. बेरीज प्रत्येक वाटेच्या आत करायची, आणि टक्केवारी शेवटी काढायची.

```r
fit |>
  generate(h = 3, times = 5000, bootstrap = TRUE) |>
  as_tibble() |>
  group_by(.rep) |>
  summarise(ekun = sum(.sim)) |>
  pull(ekun) |>
  quantile(c(.025, .975))
```

रामबाग

दोन्ही चालवलं. तीन दिवसांचा एकूण अंदाज ९० असताना बूटस्ट्रॅपने ५९ ते १४६ दिलं. नॉर्मलने हिशेब केला तर ४५ ते १३५. फरक आहे, पण एका दिवसाइतका ठळक नाही. सोयाबीनवाल्या दादांचीच गोष्ट इथे छोट्या प्रमाणात दिसते.

आणि ते १०० दिवस परत तपासले. ९५% चा पट्टा: वर ३, खाली २. आत पुन्हा ९५! एकूण आकडा तोच राहिला. ८०% चा: वर १०, खाली ९.

दांडियाबाजार

वा. हा आकडा तुमच्या वरिष्ठांना दाखवा. ९५ चे ९५ च, पण आधी ५ आणि ०, आता ३ आणि २. आणि ८०% चा पट्टा आता खरोखर ८०% चा झाला, ९० नाही.

पागनीसपागा

सर, पण लॉगने हेच मिळालं असतं ना? तुम्ही नंतर येतो म्हणालात.

दांडियाबाजार

हो, राहिलंच होतं. लॉगला माझा विरोध नाही. पातळी वाढली की चुकाही त्याच प्रमाणात वाढत असतील तर लॉग हाच स्वच्छ मार्ग. ताईंना एक बघावं लागेल: सोमवारी मागणी जास्त आणि रविवारी कमी असते, तर रेसिड्युअलचा पसाराही सोमवारी तितकाच जास्त असतो का?

रामबाग

वारानुसार बघितलं. सोमवारी सरासरी ३८, रविवारी २१. पण रेसिड्युअलचा पसारा दोन्ही दिवशी जवळपास सारखा, ११ ते १३. डॉक्टर म्हणाले ते झुपके वार बघून येत नसावेत.

दांडियाबाजार

मग लॉग इथे सोमवारची वरची मर्यादा उगाच ताणेल आणि रविवारची आखडेल. आणि रविवारीच कर्मचारी कमी, साठा कमी. पागनीसपागा, तुमच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे: शेपूट वरच्या बाजूला येईल. पण किती लांब यायची ते लॉग स्वतः ठरवतो, डेटाला विचारत नाही. शिवाय उलटवल्यावर मिळते ती मधली किंमत, सरासरी नाही. तीन दिवसांची बेरीज करताना ते पुन्हा आडवं येईल.

पागनीसपागा

विक्रीत आमचे पसारे पातळीबरोबर वाढतात, म्हणून आम्हाला चालत असावं. वारानुसार पसारा कधी बघितला नव्हता, आता बघतो. तरी लॉग घेऊन त्याच्या रेसिड्युअलवर बूटस्ट्रॅप केला तर? दोन्ही एकत्र?

दांडियाबाजार

ते बिलकुल चालतं. लॉगने पसारा सारखा होत असेल आणि तरी तिरकेपणा उरत असेल, तर तेच करावं.

लष्कर (ग्वाल्हेर)

माझ्याकडे एका शीतगृहाच्या वीजबिलाचे ३६ महिने आहेत. उन्हाळ्यात काही महिने अंदाजाच्या फार वर जातात, थंडीत मात्र फारसं काही होत नाही. ताईंचाच कोड जसाच्या तसा चालवला. पट्टा इतका अरुंद आला की विश्वास बसत नाही. काय चुकलं?

दांडियाबाजार

तुमच्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, ३६ महिन्यांवर वार्षिक सीझनचं मॉडेल म्हणजे सुमारे १४ संख्या डेटातून काढल्या: आल्फा, गॅमा, सुरुवातीची पातळी आणि बारा महिन्यांचे अकरा. मॉडेल जुन्या डेटाला इतकं चिकटतं की रेसिड्युअल खऱ्या चुकांहून लहान होतात. बूटस्ट्रॅप तेच लहान रेसिड्युअल उचलतो. निदान ३६ भागिले २२ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.२८ पटीने, ते फुगवा. ताईंच्या ७३० दिवसांना हा प्रश्न नगण्य आहे.

एवढ्यानेही मॉडेलच्या संख्यांची स्वतःची अनिश्चितता पट्ट्यात येत नाही. ती आणायची तर प्रत्येक वेळी बूटस्ट्रॅपने नवी मालिका बनवून मॉडेल परत बसवावं लागतं. ऑटोरिग्रेशनसाठी थॉम्ब्स आणि शुकानी यांनी १९९० मध्ये तशी रीत मांडली होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. उन्हाळ्यातल्या चुका मोठ्या आणि थंडीतल्या छोट्या, म्हणजे सगळ्यांची एक टोपली करून चालणार नाही. मे महिन्याला जानेवारीची चूक मिळाली तर पट्टा अरुंदच येणार. आणि महिन्यागणिक वेगळी टोपली करायची तर एकेकीत तीनच चुका. ३६ महिन्यांतून ९५% चा तिरका पट्टा काढायचा आग्रह मी धरणार नाही.

लष्कर

म्हणजे इथे बूटस्ट्रॅप नकोच?

दांडियाबाजार

८०% चा पट्टा, फुगवलेल्या रेसिड्युअलवर, एप्रिल ते जून वेगळा आणि बाकीचे महिने वेगळे. तेवढा करा. रोजचं तापमान मिळत असेल तर ते मॉडेलमध्ये घालून बघा, चुकांचा तिरकेपणाच कमी होईल कदाचित.

रामबाग

सर, आमच्या वरिष्ठांनी आता ९९% चा पट्टा मागितला आहे.

दांडियाबाजार

देऊ नका, किंवा सावध करून द्या. एका दिवसासाठी बूटस्ट्रॅप तुमच्या सर्वात मोठ्या जुन्या चुकेपेक्षा मोठी चूक कधीच दाखवू शकत नाही. ७३० रेसिड्युअलमध्ये वरचे २.५% म्हणजे अठरा दिवस. त्यावर काही बोलता येतं. ९९% च्या पट्ट्यासाठी वरचा अर्धा टक्का, म्हणजे तीन-चार दिवस. त्यातला एक दिवस नसता तर मर्यादा कितीतरी खाली आली असती. सर्वात मोठी एक चूक काढून टाकून पट्टा परत काढा, मर्यादा किती हलते ते बघा. तेच आकडे वरिष्ठांना दाखवा.

रामबाग

करून बघितलं. ९५% ची वरची मर्यादा एका पिशवीनेही हलली नाही. ९९% ची सात पिशव्यांनी खाली आली. हे त्यांना समजावता येईल.

आता मला खरं छळतंय ते सांगते. वर गेलेले जे तीन दिवस उरले आहेत, ते तिन्ही २० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले आहेत. सगळा डेंग्यूचा काळ.

दांडियाबाजार

मग बेरजेच्या १४६ वर विसंबू नका. वाटा बनवताना आपण चुका पिसून उचलतो, जणू कालच्या मोठ्या चुकेचा आजच्याशी संबंध नाही. डेंग्यूत त्या झुंडीने येतात. पिसल्यावर झुंड मोडते आणि तीन दिवसांची बेरीज वरच्या बाजूला कमी दिसते. एकेका दिवसाच्या पट्ट्यात हे लपून राहतं, बेरजेत बाहेर येतं. रेसिड्युअलचा ACF बघा, म्हणजे आजच्या चुकेचा आधीच्या दिवसांच्या चुकांशी किती संबंध आहे ते, आणि त्यांच्या निरपेक्ष किमतींचाही. पहिला साफ दिसला तरी दुसरा अनेकदा बोलतो.

रामबाग

पूर्ण वर्षाचा ACF जवळपास साफ आहे. निरपेक्ष किमतींच्या ACF मध्ये पहिल्या चार-पाच लॅगवर स्पष्ट खांब दिसतात.

दांडियाबाजार

तेच ते. आता दोन रीती आहेत. एक, सुटी चूक न उचलता सलग दिवसांचा तुकडा उचलायचा, सात-सात दिवसांचा, म्हणजे झुंड शाबूत राहते. दुसरी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या चुकांची टोपली वेगळी ठेवायची. मी पहिली घेईन.

पागनीसपागा

मला दुसरी बरी वाटते. सातचा तुकडा जानेवारीतूनही येईल, आणि आपल्याला अंदाज तर सप्टेंबरचा हवा आहे. दोन हंगामांचे १८० च्या आसपास दिवस टोपलीत आहेत, तेवढे पुरेत.

दांडियाबाजार

१८० मध्ये वरचे २.५% म्हणजे चार-पाचच दिवस, आणि तेही कदाचित एकाच वर्षाच्या एकाच पंधरवड्यातले. पण जानेवारीबद्दलचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधूनच सातचे तुकडे घेतले तर तुकडे फार थोडे उरतात. ताईंनी तिन्ही करून १०० दिवसांत तीन-तीन दिवसांच्या बेरजा तपासाव्यात. तरी एका हंगामावरून निकाल लागणार नाही हे धरूनच चला.

तुकोगंज_डॉक्टर

मध्ये बोलतो, कारण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. ताई, मागणीचा आकडा कुठून घेता? दिलेल्या पिशव्यांच्या नोंदवहीतून की वॉर्डाकडून आलेल्या मागणीच्या चिठ्ठ्यांतून? साठा संपलेल्या दिवशी सहा मागितल्या आणि दोन दिल्या, तर वहीत दोनच लिहिलेल्या असतात.

रामबाग

तपासणीच्या १०० दिवसांचा आकडा चिठ्ठ्यांतून आहे. पण आधीच्या दोन वर्षांतला पहिल्या वर्षाचा सगळा डेटा नोंदवहीतून घेतलाय. चिठ्ठ्या तेव्हा संगणकात भरत नव्हतो.

दांडियाबाजार

डॉक्टरसाहेब, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. ज्या दिवशी मागणी सर्वात जास्त होती नेमक्या त्याच दिवशी साठ्याने ती कापली. म्हणजे पहिल्या वर्षाच्या मोठ्या चुका टोपलीत आहेत, पण डोकी छाटलेल्या. +३३ हा आकडासुद्धा खऱ्याहून कमी असू शकतो, आणि बूटस्ट्रॅप छाटलेलं डोकं परत आणू शकत नाही. ताई, पहिल्या वर्षात दिवसअखेर साठा शून्य असलेले दिवस किती, हे कळतं का?

रामबाग

साठ्याची वही आहे, त्यातून कळेल. चिठ्ठ्यांचे गठ्ठेही वरच्या माळ्यावर असावेत. शून्य साठ्याच्या दिवसांची यादी आधी काढते आणि तेवढ्याच दिवसांच्या चिठ्ठ्या शोधते. मिळाल्या तर मागणीचे खरे आकडे भरून सगळं परत चालवेन.

चिठ्ठ्या मिळाल्याच नाहीत तर ते दिवस टोपलीतून काढून टाकायचे की छाटलेले तसेच ठेवायचे?

दांडियाबाजार

काढून टाकलेत तर सर्वात वाईट दिवसच गेले, वरची मर्यादा आणखी खाली येईल. तसेच ठेवा, आणि वरची मर्यादा "निदान इतकी" असं लिहा. चिठ्ठ्या सापडलेल्या आणि न सापडलेल्या दिवसांची तुलना जमली तर इथेच टाका, त्यावरून किती छाटलं गेलं असेल त्याचा अदमास घेता येईल.

पागनीसपागा

ताई, चिठ्ठ्या जास्त असतील तर रविवारी मी मोकळा आहे. रामबागेत येऊन भरायला मदत करतो.